‘मी हसवायला जातो, ती आणखी भडकते’

या वेळच्या टपालातली दोन पत्रं आधी मार्गी लावते. दोह्याच्या ताईंनी विचारलंय, मुलगी मराठीत बोललं की इंग्रजीत उत्तर देते, काय करावं? तुम्ही मराठीतच बोलत राहा आणि तिला रोज आजीशी फोनवर दहा मिनिटं एकटीला बोलू द्या, तुम्ही मध्ये दुभाषी होऊ नका. टोरांटोच्या वहिनींना चवथीला माटोळीसाठी रानातली फळं मिळत नाहीत म्हणून वाईट वाटतं. नारळ, सुपारी, केळी आणि तिकडे पिकणारं जे मिळेल ते बांधा, देवाला चालतं.

आता इंग्लंडमधल्या स्विंडनच्या पत्राकडे वळते, कारण ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. फोंड्याजवळच्या एका गावचे हे गृहस्थ लिहितात:

‘ताई, आम्हाला इथे आठ वर्षं झाली. माझी गोदामात रात्रपाळी, तिची वृद्धाश्रमात दिवसपाळी. भांडण झालं की मला ते वाढू द्यायचं नसतं, म्हणून मी काहीतरी विनोद करतो, खांद्यावर हात ठेवतो. ती हात झटकते. म्हणते, ‘तुला सगळा खेळच वाटतो.’ मग मीही गप्प होतो. माझा हात इतका वाईट आहे का?’

नाही हो, तुमचा हात वाईट नाही. भांडण चालू असताना ज्याला हात पुढे करावासा वाटतो त्याला संसार मोडायचा नसतो, हे मी मनापासून मानते. पण तो हात कधी पुढे येतो, त्याच्या आधी काय झालेलं असतं, हे तुम्ही पाहत नाही, आणि तेच मला आज तुम्हाला दाखवायचंय.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं नवराबायकोंची भांडणं चित्रित करून अभ्यासली, अंगाला नाडी मोजणारी यंत्रं लावून. भांडणाच्या मध्येच केलेल्या विनोदाला, स्पर्शाला, ‘थांब, मी चुकीचं बोललो’ अशा वाक्याला त्यांनी दुरुस्तीचा प्रयत्न म्हटलं. त्यांना दिसलं ते असं, की प्रयत्न किती सफाईदार आहे याला फारसं महत्त्व नसतं. सुखी घरांत अगदी बावळट विनोदही चालून जातो, दुखावलेल्या घरात सुंदर शब्दही वाया जातात. प्रयत्न स्वीकारला जाणं हे समोरच्याच्या मनात आधीपासून काय साठलंय यावर ठरतं. रॉबिन्सन आणि प्राइस या दोघांनी १९८० साली असंच एक निरीक्षण मांडलं: नाखूष जोडप्यांना एकमेकांच्या चांगल्या वागण्यातलं सुमारे निम्मं दिसतच नाही, बाहेरच्या निरीक्षकाला मात्र दिसतं. म्हणजे तुमच्या बायकोला तुमचा हात आधाराचा वाटतच नसेल. ती मुद्दाम नाकारते आहे, असं धरून चालू नका.

तुमच्या पत्रातलं भांडण उलगडून पाहते. तुम्ही भावाला गावच्या घराच्या कौलांसाठी पैसे पाठवलेत, बाराशे पौंड. पावसापूर्वी कौलं घालायलाच हवी होती, हे कोणीही गोंयकार मान्य करील. पण तिला कळलं ते तुमच्याकडून नाही, तर वहिनीच्या फोनवरून. रविवारी संध्याकाळी सव्वासहाला तिने विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस?’ तुम्ही म्हणालात, ‘आपण भिजलो तर चालेल, कौलं गळता कामा नयेत.’ ती म्हणाली, ‘मी विचारते ते सांग.’ तुम्ही म्हणालात, ‘बँकेत ठेवून तरी कोणाला मिळणार?’ तिचा आवाज चढला. मग तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘घराची मुख्यमंत्री तू, मी फक्त खजिनदार.’ हात झटकला गेला, सातला तुमची पाळी, तुम्ही दार लावून निघालात.

तिसरा विनोद पुन्हा वाचा. तिची तक्रार काय होती? पैसे कुठे जातात हे तिला कोणी विचारत नाही. आणि तुम्ही हसत हसत तिला सांगितलंत की खजिना तुमच्याकडे आहे. जखमेवरच बोट ठेवलंत की नाही! तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला कळतं. पण तिने ऐकलं ते तसंच.

विनोद नाकारला जातो तो बहुतेक वेळा याच कारणाने. विषय हलका व्हावा म्हणून आपण तो करतो, पण समोरच्याला तो विषय बंद करण्यासाठी केलेला वाटतो. हे चार-पाच वेळा झालं की पुढे तुमचं हसणं पाहिलं तरी ती ओळखते, आता माझं बोलणं अर्ध्यावर राहणार. मस्कतला असताना माझ्याही घरी हेच चालायचं. माझं काही म्हणणं सुरू झालं की नवरा आत जाऊन चहा करून आणायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. प्रेमानेच ठेवायचा. पण तो नेहमी माझं वाक्य संपण्याआधी यायचा. दोन वर्षं भांडणातला तो चहा मी घेतला नाही आणि त्याला वाटलं, मी हट्टी आहे. एकदा मी सांगितलं, ‘आधी ऐक, मग कर.’ त्या दिवशी तो बसून राहिला, मी काय म्हणते ते त्याने स्वतःच्या शब्दांत मला परत सांगितलं, आणि नंतर चहा केला. मी तो प्यायले. चहा तोच, आणणाराही तोच, आधी ऐकणं झालं एवढाच फरक.

माझे वडील हे मला वाटतं उपजतच जाणत होते. आईशी बिनसलं की ते कुळागरात जायचे, पाटाचं पाणी वळवायचे, अर्ध्या तासाने परत यायचे. येताना अबोलीची फुलं आणायचे, पण ती देण्याआधी ओसरीवरूनच म्हणायचे, ‘सकाळी मी तुला न विचारता ठरवलं, ते बरोबर नव्हतं.’ आई फुलं घ्यायची. हे वाक्य न म्हणता त्यांनी फुलं दिली असती, तर आईने ती देवाला घातली असती, केसांत माळली नसती.

वडिलांचा तो अर्धा तासही महत्त्वाचा होता. भांडताना शरीर पेटतं, छाती धडधडते, कान जणू बंद होतात. गॉटमन यांच्या मते नाडी मिनिटाला साधारण १०० च्या वर गेली की माणूस समोरचं नीट ऐकू शकत नाही, विनोद तर त्याला समजतच नाही. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, २५ च्या वर ठोके आले तर त्या क्षणी कोणतीही समजूत उपयोगाची नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत जोडप्यांना भांडण अर्ध्यावर थांबवायला लावलं, यंत्रं दुरुस्त करायची आहेत असं सांगून अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बोलायला बसल्यावर नाड्या उतरल्या होत्या आणि बोलणंही सौम्य झालं होतं. शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. त्या वेळात ‘ती असं म्हणाली तर मी असं म्हणेन’ अशी मनात उजळणी केली, तर नाडी खाली येत नाही.

ही २० मिनिटं परदेशात कुठे काढायची, हा खरा प्रश्न आहे आणि तो मला माहीत आहे. गावात उठून अंगणात जाता येतं, शेजारणीकडे बसता येतं. तुमच्याकडे घराच्या दुसऱ्या खोलीत भाडेकरू, बाहेर पाऊस, सातला पाळी. म्हणून सव्वासहाला सुरू झालेलं भांडण पावणेसातला मिटवायचा प्रयत्नच करू नका. निघताना एवढं म्हणा: ‘तुझा प्रश्न बरोबर आहे, मी टाळणार नाही. उद्या तू कामावरून आलीस की साडेपाचला बोलू.’ आणि साडेपाचला तुम्ही स्वतः विषय काढा. तिला आठवण करून द्यावी लागली, तर पुढच्या वेळी तुमच्या ‘थोडं थांबू या’ला ती पळवाट म्हणेल, आणि ते तिचं चुकणार नाही. दार लावून निघून जाणं आणि वेळ सांगून निघणं, या दोन गोष्टी ती नक्की वेगळ्या ओळखते.

स्पर्शाचं असं, की तो विचारून करावा. पेटलेल्या अंगावर अचानक आलेला हात पकडल्यासारखा वाटतो, विशेषतः मागून किंवा वरून आला तर. हात टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवा, तिला घ्यायचा असेल तर ती घेईल. आणि ही खूण भांडण नसताना ठरवा. ‘मी असा हात ठेवला तर मला थांबायचं आहे, विषय सोडायचा नाही’ हे शांत रविवारी बोलून ठेवलं, तर भांडणात तिला अर्थ लावत बसावं लागणार नाही. शिवाय दुरुस्ती लवकर करा. नवविवाहितांवरच्या एका अभ्यासात पहिल्या तीन मिनिटांतले, तर्काऐवजी भावनेवर बोलणारे प्रयत्न जास्त उपयोगी पडलेले दिसले. तुमच्या भांडणात पहिल्या मिनिटाला हवं होतं ते एवढंच: ‘तुला वहिनीकडून कळलं, तुला वाईट वाटलं असेल.’ कौलांचं समर्थन नंतर.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ही पत्रं बायकाही वाचतात. ज्या घरात मार आहे, धमकी आहे, पासपोर्ट किंवा पैसे दाबून ठेवणं आहे, तिथे नंतर आलेली फुलं म्हणजे दुरुस्ती नाही. तिथे हात झटकणंच योग्य. इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७ ही मदतवाहिनी मोफत आणि चोवीस तास चालते.

स्विंडनच्या दादा, तुम्हाला थोडं ओरडते, रागावू नका. तुमच्या चार पानी पत्रात तुमचे तिन्ही विनोद जसेच्या तसे आहेत, रुपये-पौंडांचा हिशोब आहे, भावाच्या अडचणी आहेत. बायकोची वाक्यं मात्र तीनच, आणि तिन्ही भांडणातली. आठ वर्षं ती कोणत्या पैशांबद्दल बोलत होती, गावी ती कधी शेवटची गेली, तिच्या माहेरी यंदा काही लागत होतं का, यातलं काही नाही. येत्या रविवारी तिला एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात निम्मी पानं तिच्या शब्दांची असू द्या.