वाक्यांचा फोटो गेला, आता विभक्ती कशी करायची?

"मॅडम, सरांनी फळ्यावर व्याकरणाची वाक्यं लिहून दिलेली, त्याचा फोटो मोबाईलमधून गेला. परवा चाचणी आहे. वाक्यंच नाहीत तर संधी, समास, विभक्ती करायची कशी?"

मालवणच्या बाजूचा दहावीतला मुलगा, आईसोबत आला होता. आई म्हणाली, "मॅडम, काल रात्रीपासून झील जेवूक नाय." मोबाईल फुल झाला म्हणून धाकट्या बहिणीने फोटो उडवले आणि त्यात हाही गेला. आधी गुगल फोटोजचं ट्रॅश बघितलं, कारण बॅकअप असलेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, पण बहिणीने तेही रिकामं केलेलं.

मग मी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, वाक्यं राहू देत, त्या यादीतले शब्द कुठले आठवतात तेवढे लिही. सुरुवातीला काही नाही म्हणाला, मग सूर्योदय, मग सज्जन, मनोरथ, समुद्रकिनारा, मीठभाकर, पीतांबर असं हळूहळू येत गेलं. अधोरेखित शब्द बहुतेक वेळा लक्षात राहतात, आजूबाजूचं वाक्य पुसलं जातं, आणि इथे महत्त्वाचं हे आहे की तिन्ही प्रकारांना वाक्याची गरज सारखी नसते.

संधीला वाक्य लागतच नाही. सूर्य + उदय, सत् + जन, मनः + रथ, शब्द हातात असला की फोड झाली, तो मासळी बाजारात असो की देवळात, फोड तीच राहणार. हे त्याने स्वतःच करून दाखवलं आणि तिथेच त्याचा चेहरा जरा सैल झाला.

समासात बहुतेक शब्द असेच सुटतात. समुद्राचा किनारा तो समुद्रकिनारा, षष्ठी तत्पुरुष. मीठ, भाकर वगैरे म्हणून मीठभाकर, समाहार द्वंद्व. पण पीतांबरला तो अडला आणि बरोबर अडला, कारण देवाला पीतांबर नेसवलं म्हटलं तर पिवळं वस्त्र, म्हणजे कर्मधारय, आणि पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र ज्याचं आहे असा तो विष्णू असं घेतलं तर बहुव्रीही. म्हणजे हा शब्द वाक्याशिवाय ठरवता येत नाही. अशा शब्दांवर मी त्याला गोल करायला सांगितलं.

खरी अडचण विभक्तीची. कागदावर त्याने 'बाळाला' लिहिलेलं आणि शेजारी चतुर्थी. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे 'ला' आहे ना. अरे, पण ला द्वितीयेतही आहे आणि चतुर्थीतही, तक्त्यात दोन्हीकडे स, ला, ते हेच प्रत्यय आहेत, मग नुसता प्रत्यय बघून कसं कळेल? म्हणून आम्ही दोन वाक्यं बनवली. आजीने बाळाला उचललं, इथे उचलण्याची क्रिया बाळावरच होते, बाळ कर्म, म्हणून द्वितीया. आजीने बाळाला खाऊ दिला, इथे कर्म खाऊ आहे आणि बाळ तो घेणारं, संप्रदान, म्हणून चतुर्थी. त्याला सांगितलं की वाक्यात दिलेली दुसरी वस्तू सापडते का ते बघ, सापडली तर बहुतेक चतुर्थीच. पण 'मला थंडी वाजते' सारख्या वाक्यात कोणी काही देत नाही आणि मी उचललाही जात नाही, तिथे ही युक्ती चालत नाही, अशी वाक्यं वेगळी लिहून सरांनाच विचारायची.

तसंच 'ने'चं. नाखव्याने जाळं टाकलं आणि आम्ही होडीने गेलो, दोन्ही तृतीया, पण नाखवा कर्ता आणि होडी साधन म्हणजे करण, तेव्हा प्रश्नात विभक्ती विचारलीय की कारकार्थ हे आधी वाचायचं. मुलं इथे येत असूनही मार्क घालवतात, कारण विचारलेलं असतं कारकार्थ आणि लिहून येतात तृतीया. (घाईत प्रश्न अर्धा वाचला जातो, हे माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या वहीत दिसतं.)

तो आल्यापासून वर्गातल्या एकाही मित्राला फोन करायला तयार नव्हता, पूर्ण यादी मागायची लाज वाटत होती त्याला, आपण फोटो सांभाळला नाही असं सगळ्यांना कळेल म्हणून. कागद भरल्यावर बघितलं तर अडलेलं फक्त पीतांबरवालं वाक्य आणि 'ला'ची तीन-चार. मी म्हटलं, एवढीच माग. त्याने माझ्यासमोरच मित्राला मेसेज टाकला, "पीतांबर आणि बाळाला वाली वाक्यं पाठव रे", आणि आईला म्हणाला, "आये, चल, भूक लागली."