लोककथा लिहून काढणाऱ्यांना आभारपत्र कसं लिहावं?

*आमच्या नागपूरच्या शाळेनं परिसरातल्या आजी-आजोबांच्या गोष्टी रेकॉर्ड करून पुस्तक काढलंय. रेकॉर्डिंग ऐकून लिहून देणाऱ्या स्वयंसेवकांना मुख्याध्यापिका म्हणून पत्र लिहायचंय. 'अमूल्य सहकार्य' सोडून काय लिहू?*

मीही नागपुरातल्याच शाळेत मुख्याध्यापिका होते आणि असं पत्र मला लिहावं लागलं होतं. पहिल्या खर्ड्यात मीही 'अमूल्य सहकार्य' लिहिलं आणि मग खोडलं. त्या मंडळींनी काय केलं, हे त्या दोन शब्दांत कुठेच दिसत नव्हतं.

म्हणून मी त्यांची वही मागून घेतली. एका आजीची गोष्ट २२ मिनिटांची होती. रेकॉर्डिंग मे महिन्यातलं, त्यामुळे मागे सतत कूलरची घरघर. एका ताईंना ती उतरवायला तीन संध्याकाळी लागल्या. जे कळलं नाही तिथे त्यांनी अंदाजानं शब्द घातला नाही, '[अस्पष्ट, १४:२०]' अशी खूण केली. दुसऱ्या स्वयंसेवकानं तेवढाच तुकडा हेडफोन लावून पुन्हा ऐकला. त्यालाही कळेना, तेव्हा दोघं आजींकडे जाऊन विचारून आले.

खरी कसोटी बोलीची होती. आजी गोष्टीत म्हणतात, "बैल काया, तो माया." ताईंनी आधी सवयीनं 'बैल काळा, तो माझा' असं लिहिलं होतं. मोठ्यानं वाचलं तेव्हा यमक तुटल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग वहीतली आधीची सगळी पानं परत काढून 'मला'चं 'मले' आणि 'डोळे'चं 'डोये' केलं, पण फक्त जिथे आजी तसं बोलल्या होत्या तिथेच. आजी मधूनच 'डोळे'ही म्हणतात, ते तसंच ठेवलं. ऐकणाऱ्या नातवाचा 'हूं' मला उगाच वाटत होता, तो ठेवायचा आग्रह ताईंचाच. पुस्तकात आता वाचणाऱ्याला कळतं, आजी कुठे थांबल्या ते.

पत्रात मी हेच लिहिलं. त्यातला हा भाग:

"ताई, 'काया-माया' तुम्ही परत जागेवर आणलंत. आजींना छापलेली गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा त्या ओळीवर त्यांनी स्वतःच पुढचं म्हटलं. तीन संध्याकाळी तुम्ही कूलरच्या आवाजातून त्यांचा आवाज वेगळा काढत बसलात, त्याबद्दल मनापासून आभार."

प्रत्येकाला वेगळं पत्र द्या, निदान चार ओळी तरी त्याच्याच कामाच्या. तपासणाऱ्यांना विसरू नका. माझ्याकडून पहिल्या यादीत तेच राहिले होते, मग घरी जाऊन माफी मागावी लागली. पान क्रमांक द्यायचा असेल तर छापील प्रत हातात आल्यावरच घाला, कारण मांडणी करताना पानं सरकतात. नावाचं स्पेलिंग ज्याचं त्याला विचारून घ्या. पत्रासोबत पुस्तकाची प्रत द्या आणि मूळ रेकॉर्डिंग शाळेत कुठे ठेवलंय, तेही कळवा. आमच्या ताईंनी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं.