काउंटरवरचे आठशे रुपये परत मिळतील का?

"मुंबई ते बंगळूर विमानाला माझ्या तिकिटावर 15 किलो सामान मोफत होते. आईने दिलेले कळण्याचे पीठ आणि पापड धरून बॅग 23 किलो भरली. आदल्या रात्री संकेतस्थळावर जादा 10 किलोला 4,000 रुपये दिसले, पण घेतले नाहीत. काउंटरवर किलोला 600 प्रमाणे 4,800 द्यावे लागले. सामान तेच, मग दर वेगळा कसा? ग्राहक आयोगात जाऊ का?" — एक वाचक, अमळनेर

दर वेगळा असणे हा तुमच्या तक्रारीचा आधार होऊ शकत नाही. विमानतळावरचे दर तिकीट काढताना अटींमध्ये दिलेले होते की नाही आणि त्या रात्री तुम्ही पैसे भरण्याचा प्रयत्न केला होता की नाही, या दोनच गोष्टींवर सारे अवलंबून आहे. आगाऊ खरेदीला कंपनी उड्डाणाच्या काही तास आधीची मुदत घालते आणि ती उलटली की तो दर संपतो. ही मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असल्याने स्वतःच्या तिकिटाच्या अटी वाचाव्यात. तुम्ही केवळ दर पाहून पान बंद केले असेल, तर करार झालाच नाही. मात्र मुदतीच्या आत पैसे खात्यातून गेले आणि वजन नोंदले गेले नाही, असे घडले असेल तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. त्यासाठी बँकेचा वेळेसह संदेश आणि काउंटरची पावती लागेल.

दरातील फरकामागे कारण आहे. आधी कळलेले वजन कंपनीला उड्डाणाच्या भाराच्या नियोजनात धरता येते आणि काउंटरवरचा वेळ वाचतो. शिवाय रांगेत उभ्या प्रवाशाला दुसरा पर्याय उरत नाही, हेही कंपनी जाणते. 2016 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 15 ते 20 किलोमधील जादा वजनाला किलोमागे 100 रुपयांची मर्यादा घातली होती, पण दिल्ली उच्च न्यायालयाने ती 2017 मध्ये रद्द केली. त्यामुळे दर जास्त आहे एवढ्यावर दाद मागण्याचा तो मार्ग आता नाही.

आगाऊ खरेदी ठरावीक टप्प्यांतच होते, हेही तुम्ही पाहायला हवे होते. पाच किलोचा टप्पा 2,000 रुपयांना मिळत असता, तर तो घेऊन उरलेल्या तीन किलोंचे काउंटरवर 1,800 भरल्यास खर्च 3,800 झाला असता. याउलट बॅग केवळ तीन किलोंनी जड असती, तर काउंटरच स्वस्त पडला असता. म्हणून बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवायची. ते न करता विमानतळ गाठणे मला समजत नाही.

आयोगात जायचे असल्यास घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता त्या जळगाव जिल्ह्याच्या आयोगातच सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. करारच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर ती तक्रार राज्य आयोगापुढे न्यावी लागते. आठशे रुपयांसाठी तारखांवर तारखा घेण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पावतीसह तक्रार नोंदवा.