गोळ्यातलं उलटं शिवार : वाचकांचे प्रश्न

पोळ्याला सजवलेली बैलजोडी काचेच्या गोळ्यातून टिपली. गोळा ८० मिलिमीटरचा आहे, पण बैल मुंगीएवढे आले. मोबाइल गोळ्याच्या अगदी जवळ नेला तरी फरक नाही. काय चुकलं?

तुम्ही मोबाइल जवळ नेलात, पण गोळा होता तिथेच राहिला. मोबाइल पुढे नेला की गोळा आणि त्यातलं चित्र दोन्ही सोबतच मोठी होतात. गोळ्याच्या मानाने बैल मात्र तेवढेच लहान राहतात. बैल मोठे दिसायला हवे असतील तर गोळाच बैलांकडे न्यावा लागतो.

काचेचा गोळा म्हणजे फार रुंद दृश्य घेणारं भिंग. ८० मिलिमीटरच्या गोळ्याचं नाभीय अंतर मध्यापासून सुमारे ५९ मिलिमीटर भरतं. तुमची जोडी शिंगांसकट १.६ मीटर उंच धरू. १२ मीटरवरून तिचं चित्र जेमतेम ८ मिलिमीटरचं, म्हणजे गोळ्याचा दहावा भाग होतं. तीच जोडी अडीच मीटरवर आली की चित्र ३८ मिलिमीटरचं होतं आणि जवळजवळ अर्धा गोळा भरतो. मी शेतात हिशोब सोपा ठेवतो : विषयाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर गोळा ठेवायचा. ८ मीटरच्या पळसासाठी १२ मीटर. बैलांच्या इतक्या जवळ जायचं तर धन्याला विचारूनच, आणि जोडी त्याने धरलेली असू द्या.

विषयही एकच निवडा. जोडी, बंडी, मागचं देऊळ आणि पोरांचा घोळका असं सगळं त्या इवल्या वर्तुळात कोंबलं की काहीच ओळखू येत नाही. शिवाय गोळ्याच्या कडेला रेषा वाकतात, म्हणून जोडी मधोमध हवी.

फोकस गोळ्यावरच करतो, तरी आतलं दृश्य धूसर येतं.

दृश्य गोळ्यात नसतंच, म्हणून. ते गोळ्याच्या बाहेर, तुमच्या बाजूला, काचेपासून सुमारे दोन सेंटीमीटरवर हवेत तयार होतं. खात्री करायची असेल तर सावलीत बसा, समोर उन्हातलं झाड येऊ द्या आणि गोळ्याच्या अलीकडे पतंगाचा कागद धरून हळूहळू मागेपुढे करा. एका जागी उलटं झाड कागदावर स्पष्ट उमटेल. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कागद हातातून सोडायलाच तयार नव्हतो.

फोकस त्या जागेवर हवा. गोळ्याची कड तिच्याहून जवळपास सहा सेंटीमीटर मागे असते, आणि कॅमेरा आपणहून त्या कडेला किंवा काचेवरच्या बोटांच्या ठशांना धरतो. म्हणून मोबाइलवर गोळ्याच्या मध्यावर, उलट्या बैलांवर बोट दाबून धरा आणि फोकस कुलूपबंद करा. कॅमेरा असेल तर हाताने फोकस करा. एफ/४ ला मागची खरी जोडी छान विरते, पण कडही थोडी मऊ होते. कड रेखीव हवी असेल तर एफ/८. मला स्वतःला मऊ कड चालते. मागे दुसरी स्पष्ट जोडी उभी राहिलेली चालत नाही, नजर दोघींत फाटते.

आमची संत्र्याची बाग आहे. दवाच्या थेंबात संत्रं दिसेल का?

दिसेल, आणि आंबिया बहाराची फळं झाडावर असताना थंडीतली सकाळ त्यासाठी उत्तम. फक्त पानावर बसलेला थेंब उपयोगाचा नाही. तो चपटा असतो आणि त्याच्यामागे पानच असतं. गवताच्या टोकाला लोंबणारा थेंब शोधा.

पाणी काचेपेक्षा प्रकाश कमी वाकवतं, म्हणून इथे अंतर विषयाच्या उंचीच्या दुप्पट धरायचं. ७ सेंटीमीटरचं संत्रं थेंबामागे १४ सेंटीमीटरवर असेल तर अर्धा थेंब नारिंगी होतो. फळ फांदीवर अर्ध्या मीटरवर असेल तर चार मिलिमीटरच्या थेंबात अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका उरतो. तेव्हा एक तोडलेलं फळ मागे काडीवर टेकवून ठेवणं बरं. त्यावर ऊन पडू द्या, त्याच्यामागे मात्र सावलीतली गर्द पानं हवीत. फळामागे उघडं आभाळ आलं तर थेंब पांढराफटक होतो.

ऊन चढलं की दव उडतं. मग पाण्यात निम्मं ग्लिसरीन मिसळून सिरिंजने थेंब सोडा. तो बराच वेळ टिकतो. मोबाइलला मॅक्रो भिंग लागेल. गवत हललं तर सगळं वाया, म्हणून काडी दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरा.

फोटो सरळ करताना देवळावरच्या पाटीची अक्षरं आरशातल्यासारखी झाली.

तुम्ही फक्त वरचं खाली केलं. गोळा डावं-उजवंही बदलतो, त्यामुळे फोटो १८० अंशांत फिरवावा लागतो. मग पाटी वाचता येईल, पण मागचं खरं देऊळ उलटं होईल; ते आधीच पुरेसं धूसर असेल तरच हे शोभतं.

गोळा धुऱ्यावर उन्हात ठेवला तर चालेल?

नाही. तो ऊन काचेपासून दोन सेंटीमीटरवर एका बिंदूत गोळा करतो. माझी कापडी पिशवी अशीच जळाली, आणि ते मला धुराच्या वासाने कळलं. कापूस, तणस किंवा वाळल्या पऱ्हाट्या जवळ असतील तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. फोटो झाला की लगेच जाड, गडद कापडात गुंडाळा, आणि तळहातावर धरला असेल तर सूर्य समोर किंवा डोक्यावर नाही हे आधी बघा.