दातांवरून ओळख आणि वय: बीडीएसनंतरची एक वेगळी वाट

प्रश्न: मॅडम, नीटच्या गुणांवर मला बीडीएसची सीट मिळतेय. दातांवरून मृतदेहाची ओळख पटवतात, वय ठरवतात, हे वाचल्यापासून तेच काम करावंसं वाटतंय. त्यात नेमकं काय करावं लागतं, आणि त्यावर पोट भरेल का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: आधी पोटाचं. फक्त याच कामासाठीची पगारी पदं आपल्याकडे फार थोडी आहेत. बरीचशी प्रकरणं डेंटल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे येतात आणि ते नोकरी सांभाळून ती करतात. तू त्याच तयारीने सीट घे.

ओळख पटवण्याचं काम म्हणजे दोन तक्ते जुळवणं. मृतदेहाच्या तोंडातल्या प्रत्येक दाताची नोंद आधी करायची, तीही घरच्यांनी आणलेली कागदपत्रं न बघता. नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं. मग दवाखान्यातली जुनी नोंद शेजारी ठेवायची. समज, कार्डावर डावीकडची खालची पहिली दाढ, म्हणजे ३६ नंबर, भरलेली आहे आणि मृतदेहात ती दाढच नाही. हा फरक चालतो, कारण नंतर ती काढली असू शकते. पण कार्डावर ३६ काढलेली असेल आणि मृतदेहात ती शाबूत दिसली, तर माणूस वेगळा, किंवा नोंद चुकलेली.

नोंद चुकते ती अशी. लहानपणी ३६ काढली तर मागची ३७ हळूहळू पुढे सरकून त्या जागेत येते, आणि घाईत तपासणारा तिलाच ३६ लिहितो. शिवाय क्रमांकांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत: आपल्याकडे १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ, तर अमेरिकी पद्धतीत १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. म्हणून कार्डापेक्षा एक्स-रे मागायचा. त्याच कोनातून मृतदेहाचा एक्स-रे काढला, की फिलिंगच्या कडांचा आकार आणि मुळांचा बाक समोरासमोर ठेवता येतो. किती मुद्दे जुळले म्हणजे ओळख पटली, असा ठरावीक आकडा नाही. एका फिलिंगचा विचित्र आकारही पुरेसा ठरू शकतो. उलट ज्याचा खुलासाच होत नाही असा एक फरक सगळं मोडतो.

वयाचं काम याहून अवघड, आणि तिथे माणूस जिवंत असतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे वयासाठी आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला बघतात. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी होते. अशाच एका मुलाचा ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच एक्स-रे, तुझ्यापुढे आला असं धर.

डेमिर्जियन यांच्या १९७३ च्या पद्धतीत खालच्या जबड्यातल्या डावीकडच्या सात दातांना ए ते एच अशा वाढीच्या आठ टप्प्यांत बसवतात. ई टप्प्यात दाताचं मूळ वरच्या भागापेक्षा, म्हणजे मुकुटाच्या उंचीपेक्षा, आखूड असतं, एफमध्ये तेवढं किंवा लांब, पण टोक नरसाळ्यासारखं उघडं. जीमध्ये मुळातल्या नळीच्या भिंती समांतर होतात, तरी टोक अजून उघडंच. एचमध्ये ते मिटतं. या मुलाचे सातही दात एचवर आहेत, म्हणजे त्यांच्याकडून आणखी काही कळणार नाही; ते साधारण सोळाव्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. उरली अक्कलदाढ, आणि ती जीवर आहे.

इथेच घोटाळा होतो. जी टप्पा सतरा वर्षांच्या मुलातही सापडतो आणि वीस-एकविसाच्या तरुणातही. अगदी एच असती तरी, अमेरिकेतल्या १९९३ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार वय अठरा पूर्ण असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपासच येते. दुसरं, डेमिर्जियनचे मूळ आकडे फ्रेंच-कॅनेडियन मुलांचे आहेत. भारतीय मुलांना लावले तर वय बहुधा जास्त निघतं, म्हणून भारतीय मुलांवरून काढलेली सूत्रं वापरायची. अहवालात 'वय १८ वर्षे' असं कधीच लिहू नकोस. टप्पा, वापरलेली पद्धत आणि वयाची कक्षा लिहायची. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन वर्षांची चूक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ मध्ये मान्य केलेलं आहे. तुझ्या एका ठाम आकड्यावर तो मुलगा बाल न्याय मंडळापुढे राहणार की प्रौढांच्या न्यायालयात, हे ठरू शकतं, आणि त्या आकड्याला आधार नसेल तर तो लिहिणं अन्याय आहे.

शिक्षणाचं म्हणशील, तर बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे दोन वाटा. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात, म्हणजे एनएफएसयूमध्ये, फॉरेन्सिक ओडॉन्टॉलॉजीची, म्हणजे याच कामाची, एमएससी करता येते. किंवा ओरल पॅथॉलॉजीत, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विषयात, तीन वर्षांचं एमडीएस. त्याच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे, आणि शिकवण्याची नोकरी मिळण्याच्या दृष्टीने मी याच वाटेला झुकेन. इंटर्नशिपपासूनच मात्र एक कर: वय ठाऊक असलेल्या पेशंटांचे ओपीजी, वय झाकून, अक्कलदाढीच्या टप्प्यात बसव. महिन्याभराने तेच पुन्हा बसव. दोन्ही वेळेला एफ आणि जी यांत तुझी गल्लत होत असेल, तर एखाद्या सीनियरसोबत बसून ते आधी पक्कं कर.