सहा रविवारांचा मोडी वर्ग: आखणी कुठून सुरू करावी?

प्रश्न: बडोद्यात आमच्या मंडळातर्फे मोडी वाचनाचा वर्ग घ्यायचाय. सहा रविवार, दोन-दोन तास, पंधरा जण. शिकवणाऱ्या काकांना मोडी उत्तम येते. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन हे टप्पे इथे कसे लावायचे?

उत्तर:

आधी शेवटचा रविवार ठरवा, बाराखडी मग.

विश्लेषणासाठी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला फोनवर दोनच गोष्टी विचारा. घरात मोडी कागद आहेत का आणि साधारण कुठल्या काळातले? आणि छापील मराठी किती सहज वाचता येतं? बडोद्यात हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गुजराती माध्यमात शिकलेली मंडळी मराठी छान बोलतात, पण वाचताना अडखळतात. अशांची अडचण मोडीची नसते, त्यामुळे मोडीचा सराव कितीही वाढवला तरी ती सुटत नाही.

मग काका एक ओळ वाचताना नेमकं काय करतात ते शेजारी बसून टिपा. ते अक्षर ओळखतात, सलग ओळीतून शब्द तोडतात (मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते), संक्षेप उलगडतात. बहुतेक वर्ग पहिल्याच कामात संपतात. म्हणून तक्ता पाठ असलेला माणूस दस्त हातात घेतला की थांबतो.

आराखड्यात उद्दिष्ट असं लिहा: ‘वर्गात वाचलेल्या कागदांच्याच काळातल्या, आधी न पाहिलेल्या दस्ताच्या दहा ओळी, अक्षरतक्ता समोर ठेवून, चाळीस मिनिटांत देवनागरीत उतरवणे, ओळीमागे दोनच चुका चालतील.’ ‘मोडीची ओळख होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, ते तपासताच येत नाही. परीक्षेचा दस्त आताच बाजूला काढून ठेवा, वर्गात दाखवू नका. आता मागे मागे या: अक्षरांना दोनच रविवार, तिसऱ्यापासून सलग ओळी, पाचव्याला पूर्ण दस्त, सहाव्याला परीक्षा.

निर्मितीत दोन अडचणी वेगळ्या करा. शब्द तोडण्याचा सराव आधी देवनागरीतच द्या:

सनमजकुरीशेताचाआकारभरलाअसे

ही ओळ ‘सन मजकुरी शेताचा आकार भरला असे’ अशी फोडता आली की मगच तीच मोडीत. सरावाचे कागद दोन नवख्यांवर आधी तपासा. काकांना दहा मिनिटांचा वाटणारा कागद नवख्याला पाऊण तास घेऊ शकतो. तसं झालं तर ओळी कमी करा, वेग वाढवू नका.

अंमलबजावणीत जोड्या करा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं.

‘वर्ग आवडला का’ हा फॉर्म भरून घ्या, पण त्याला मूल्यमापन समजू नका. तिसऱ्या रविवारीच पाच ओळी लिहून घ्या आणि चुका दोन रकान्यांत मांडा: अक्षर चुकलं, की शब्द चुकीच्या जागी तुटला. पहिला रकाना भरला तर चौथ्या रविवारचा पहिला तास पुन्हा अक्षरांना. दुसरा भरला तर अक्षरं सोडा आणि वरच्यासारख्या वीस ओळी द्या.