पत्रकातले आकडे आणि घरातली गोळी : गर्भनिरोधनाबद्दल वाचकांचे प्रश्न

आम्ही दोघांनी दवाखान्यातलं पत्रक वाचलं. त्यात कंडोम ९८ टक्के परिणामकारक म्हटलंय. मैत्रिणीच्या डॉक्टरांनी मात्र ८७ टक्के सांगितलं. खरं कुणाचं? — एक वाचक, पुणे

दोन्ही खरं आहे. शंभर जोडप्यांनी वर्षभर प्रत्येक संबंधाच्या वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अगदी नीट कंडोम वापरला तर दोघींना दिवस जातात. पण माणसं ‘आम्ही कंडोम वापरतो’ असं म्हणतात तेव्हा त्यात ‘काल संपले होते’ हेही धरलेलं असतं. असा रोजच्या जगण्यातला वापर मोजला की शंभरात तेरा जणींना दिवस जातात. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या पाहण्यांवरून आलेत, पण विसरभोळेपणा सगळीकडे सारखाच. काहीच वापरलं नाही तर शंभरातल्या साधारण ८५ जणींना वर्षभरात दिवस राहतात, त्या मानाने तेरा कमीच.

पत्रक वाचताना या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. रोजच्या गोळीचं नीट वापरात अपयश शंभरात एकापेक्षा कमी, प्रत्यक्षात सात. तांबीचं दोन्हीकडे एकापेक्षा कमी, कारण ती एकदा बसवली की लक्षात ठेवण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून ‘सगळ्यात चांगलं साधन कोणतं’ यापेक्षा ‘आमच्याकडून नीट वापरलं जाईल असं कोणतं’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

कंडोम फाटला म्हणून येणाऱ्यांना मी आधी खोबरेल तेलाबद्दल विचारते. तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल यांनी लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं. ओलावा हवा असेल तर पाण्यावर आधारित जेल घ्या. उलटा चढवायला घेतलेला कंडोम पुन्हा सुलटा करून वापरू नका, तो टाकून द्या. एकावर एक दोन घातल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. आणि एचआयव्हीसारख्या लैंगिक संसर्गांपासून वाचवणारं साधन या यादीत हेच एक आहे. तांबी आणि गोळी तिथे काहीही करत नाहीत.

मी माला-डी घेते. शुक्रवार-शनिवार लग्नघरी होते, दोन्ही गोळ्या राहिल्या. रविवारी सकाळी लक्षात आलं. पाकिटातल्या सोळाव्या आणि सतराव्या गोळ्या होत्या. शनिवारी संबंधही आला होता. आता? — एक वाचक, सोलापूर

शनिवारची गोळी आत्ताच घ्या. शुक्रवारची टाकून द्या. रविवारची नेहमीच्या वेळी रात्री घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं, थोडं मळमळेल इतकंच. पुढचे सात दिवस कंडोम वापरा.

आता पाकीट बघा. २१ पांढऱ्या गोळ्यांमध्ये संप्रेरकं असतात, ७ तपकिरी गोळ्यांमध्ये फक्त लोह. तपकिरी आठवड्यात बीजकोषाला मुळात सात दिवसांची मोकळीक मिळते. त्याच्या लगेच आधी किंवा नंतर पांढऱ्या गोळ्या चुकल्या की ही मोकळीक लांबते आणि बीज पिकायला वेळ मिळतो. म्हणूनच पाकिटाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चुका मधल्या चुकांपेक्षा जास्त महागात पडतात. तुमच्या आता अठरा ते एकवीस अशा चारच पांढऱ्या उरल्यात. त्या संपवा, तपकिरी गोळ्या यावेळी घेऊ नका आणि दुसऱ्या दिवशी सरळ नवं पाकीट सुरू करा. या महिन्यात पाळी आली नाही तर घाबरू नका. आधीच्या पंधरा गोळ्या वेळेवर घेतल्या असतील तर शनिवारच्या संबंधासाठी वेगळी तातडीची गोळी लागत नाही. हेच पहिल्या आठवड्यात घडलं असतं तर ती घ्यायला सांगितली असती.

एकच गोळी चुकली तर एवढा व्याप नसतो. आठवेल तेव्हा ती घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर मात्र दुसरी घ्या.

सुरुवातीला मळमळ, स्तन दुखरे होणं, मध्येच डाग दिसणं हे बहुतेकींना तीन महिन्यांत थांबतं. गोळीने वांझपण येतं यात तथ्य नाही, बंद केल्यावर बीज पुन्हा तयार होऊ लागतं. ज्यांना खरंच या गोळ्या नकोत त्या वेगळ्याच: रक्तदाब वाढलेला, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी, पायाच्या नसेत कधी गुठळी झालेली, पस्तिशीपुढची धूम्रपान करणारी किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ पाजणारी. टीबीवरच्या रिफाम्पिसिनमुळेही गोळीचा असर घटतो, तेव्हा औषध सुरू झालं की डॉक्टरांना गोळीचं सांगा. गोळी चालू असताना पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा अचानक नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यांचं म्हणणं, पाळीच्या आधीचे आणि नंतरचे सात दिवस सुरक्षित असतात, काही वापरायची गरज नाही. माझी पाळी २६ ते ३२ दिवसांनी येते. — एक वाचक, नाशिक

आधीचे सात दिवस एक वेळ सोडा, नंतरच्या सातांनी घात होतो. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. पाळी २६ दिवसांची असेल त्या महिन्यात ते बाराव्या दिवसाच्या आसपास सुटेल. (रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस.) बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे पाळी थांबल्यावर दोन दिवसांनी, आठव्या दिवशी आलेला संबंधही बाराव्या दिवशीच्या बिजाला गाठू शकतो.

हिशेब असा करतात: सगळ्यात छोट्या चक्रातून १८ वजा, सगळ्यात लांब चक्रातून ११ वजा. तुमचे ८ आणि २१ आले. आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत सलग चौदा दिवस धोक्याचे. तेही निदान सहा महिन्यांच्या तारखा लिहून ठेवल्या असतील तरच, आठवणीवर नाही. ताप, परीक्षा, रात्रपाळी यांनी एखादं चक्र लांबलं की हिशेब कोसळतो. पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी चाळीस दिवसांनी येत असेल तर हा मार्ग सोडून द्या.

ऐनवेळी बाजूला होणं हा दुसरा घरगुती उपाय. त्यात प्रत्यक्ष वापरात शंभरातल्या वीस जणींना दिवस राहतात. त्याची सगळी जबाबदारी यजमानांवर आणि परिणाम तुमच्यावर, हेही त्यांना सांगा.

लग्नाला आठ महिने झालेत. मूल तीन वर्षांनी हवंय. मला तांबी बसवायची आहे, पण सासूबाई म्हणतात पहिल्या मुलाआधी बसवली तर पिशवी खराब होते आणि तांबी वर सरकून काळजात जाते. — एक वाचक, सांगली

काळजात जायला गर्भपिशवीतून वाटच नाही. क्वचित, हजारात एखादीला, बसवताना तांबी पिशवीच्या भिंतीतून पोटात शिरते. तेव्हा दोरा सापडत नाही आणि सोनोग्राफी किंवा एक्स-रेने ती शोधावी लागते. तांबी गर्भ पाडते असाही समज आहे, पण तिच्यातलं तांबं मुख्यतः शुक्रजंतूंनाच निकामी करतं. मूल न झालेलीलाही ती चालते. काढली की लगेच पुढच्या चक्रात दिवस राहू शकतात.

सासूबाईंच्या भीतीमागे एक खरा धागा आहे. आधीपासून लैंगिक संसर्ग असताना तांबी बसवली तर तो वर चढून नळ्यांना इजा करू शकतो. हा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत जास्त असतो. म्हणून बसवण्याआधी तपासणी होऊ द्या आणि दुर्गंधी असलेलं पाणी अंगावरून जात असेल तर ते लपवू नका.

तुमच्यासाठी मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हिमोग्लोबिन. तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि दुखते. तुमची पाळी आधीच जड असेल, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास असेल, तर मी तांबी सुचवणार नाही. संप्रेरक असलेलं, गर्भपिशवीत बसवायचं साधन मिळतं, त्याने पाळी उलट हलकी होते, पण ते महाग आहे. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारी तांबी घ्या: ३७५ या प्रकारची पाच वर्षं, ३८०ए प्रकारची दहा वर्षं चालते. सुरुवातीचे काही महिने पाळीनंतर बोटाने दोरा लागतो का ते बघा, कारण निसटायची असेल तर बहुतेकदा याच काळात निसटते. तांबी असताना पाळी चुकली आणि तपासणीत दिवस असल्याचं आलं तर लगेच या, गर्भ नळीत तर नाही ना हे बघावं लागतं.

दोन महिन्यांत तीनदा ७२ तासांची गोळी घेतली. आता कधीच मूल होणार नाही का? — एक वाचक, ठाणे

होईल. ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते. बीज आधीच सुटलं असेल तर ती फारसं काही करू शकत नाही, आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही. म्हणून ‘गोळीनंतर रक्त गेलं, म्हणजे काम झालं’ असं समजू नका. पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर घरीच तपासणी करा. वारंवार घेतल्याने पाळीच्या तारखा विस्कटतात आणि रोजच्या गोळीइतकं संरक्षणही मिळत नाही. तीनदा वेळ आली म्हणजे तुम्हाला नियमित साधन हवंय. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा तातडीचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि पुढची वर्षंही तीच सांभाळते.

बाळ चार महिन्यांचं आहे, पाजते आहे. आशाताई म्हणाल्या अंतरा इंजेक्शन घे किंवा छाया गोळी घे. दुसरं मूल दोन वर्षांनी हवं. — एक वाचक, बीड

बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध (वरचं पाणीसुद्धा नाही) हे तिन्ही असेल तर पाजण्याचाच चांगला आधार असतो. यातलं एक सुटलं की तो गेला, आणि पहिली पाळी दिसण्याआधीही दिवस राहू शकतात. तेव्हा आत्ताच सुरुवात करा. दोन्ही साधनं पाजताना चालतात.

अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. पाळी अनियमित होते, पुढे बऱ्याच जणींची थांबते. ‘रक्त आत साठतं’ हा गैरसमज आहे, अस्तरच पातळ झालेलं असतं. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. दोन वर्षांनी मूल हवं तर शेवटचं इंजेक्शन त्या हिशेबाने आधी घ्यावं लागेल.

छाया लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे मळमळही सहसा नसते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि बुधवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या आणि पाळी येईपर्यंत कंडोम वापरा. सात दिवसांच्या वर उशीर झाला तर पुन्हा आठवड्यातून दोनदापासून सुरुवात. पीसीओएस, नुकतीच झालेली कावीळ किंवा टीबी असेल तर ही गोळी नको. काहींची पाळी या गोळीने लांबते. ठरलेल्या तारखेच्या पुढे पंधरा दिवस गेले तर आशाताईंकडून किट घेऊन तपासणी करा.